कार्तिकातला बडग्या

आमचे घर नागपूरच्या इतवारीत, दाणाबाजाराच्या मागच्या गल्लीत होते. खाली पुढच्या बाजूला बाबांचे दुकान, मागे गोदाम, मधल्या चौकात नळ. वरच्या मजल्यावर आम्ही राहत होतो, आणि त्याच मजल्यावर रस्त्याच्या अंगाला दोन खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या. त्या खोल्यांचा जिना वेगळा होता. त्याचे दार थेट रस्त्यावर उघडे. सकाळी डोळे उघडण्याआधी कान उघडत. हमालाच्या पाठीवरून पोते खाली पडल्याचा धप्प आवाज, काट्याच्या साखळीची खळखळ, हातगाडीवाल्यांचे ‘सरको, सरको’, आणि चौकात आई सुपात तूर पाखडत असली की त्याची एकसारखी लय. घरात कायम तुरीच्या कोंड्याचा वास असे. बाहेरचा माणूस आला की शिंकायचा. आम्हाला तो वास येत नसे.

दाण्याचा व्यापार म्हणजे किडीशी रोजचा संसार. सोंडे, टोके, पोरकिडे, घुशी आणि उंदीर यांची नावे मला बाराखडीबरोबरच पाठ झाली असावीत. बाबा अतिशय मऊ मनाचे होते. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते ओट्याच्या कडेला मुंग्यांसाठी चिमूटभर पीठ टाकत. जखमी कबुतर सापडले तर त्याला टोपलीखाली ठेवून पाणी पाजत. पण गोदामाचा कायदा वेगळा होता. तिथे हाताने दाबायचा एक भाता होता, पुढे लांब नळी असलेला. त्यात पांढरी विषारी भुकटी भरून ती भिंतींच्या फटींत आणि दाराखाली मारायची. आमच्याकडे अशा कोणत्याही भुकटीला डीडीटीच म्हणत. भुकटी मारली की थोडा वेळ थांबायचे, मग फटींतून किडे बाहेर येत आणि दादा ओरडे, ‘निघाले, निघाले!’ मी एकदा बाबांना विचारले होते, मुंगीला पीठ आणि सोंड्याला विष, असे कसे? ते म्हणाले, ‘‘हे कीड आहे वं. किडीचं पाप लागत नसते.’’ हे त्यांनी दुष्टपणे सांगितले नव्हते. व्यवहारातली एक गोष्ट मुलीला समजावून सांगावी तसे सांगितले होते. घरात एक कप्पा असा होता की त्यात जे पडेल त्याचे पाप लागत नव्हते, एवढे मला त्या वयात पक्के कळले.

भाड्याच्या खोल्यांत चेन डॉक्टर राहत. ते चिनी वंशाचे, दातांचे डॉक्टर. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचे दुकान होते, काचेच्या कपाटात गुलाबी हिरड्यांच्या कवळ्या मांडलेले आणि पायाने चालवायचे यंत्र असलेले. त्यांचे वडील कलकत्त्याला चामड्याच्या धंद्यात होते आणि डॉक्टर स्वतः तिथेच जन्मले होते. बायको चेनबाई, आणि मुलगी मेई, माझ्याच वर्गात. मॅट्रिकचे वर्ष होते. आम्ही दोघी गॅलरीत बसून भूमिती करत असू. तिला प्रमेये यायची, मला यायची नाहीत. चेनबाईंनी आईकडून सांबारवडी शिकून घेतली होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. थंडी पडली की सांबार स्वस्त होतो आणि घरोघरी या वड्या तळल्या जातात. चेनबाईंची वडी आईच्या वडीपेक्षा कुरकुरीत होत असे, आणि आई ते चारचौघींत कबूल करत असे. त्या बदल्यात चेनबाईंनी आईला स्वेटरची एक वीण शिकवली होती. काकांची वरची कवळी डॉक्टरांनीच बसवलेली होती.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्न न केलेले, महाल भागातल्या एका शाळेत मराठी शिकवणारे. अक्षर छापल्यासारखे. आमच्या ओट्यावर एक फळा टांगलेला असे, आणि संध्याकाळी रेडिओच्या बातम्या ऐकून काका त्यावर खडूने चार-पाच ओळी लिहीत. गल्लीत वर्तमानपत्र घेणारी घरे कमी होती. बाजारातून घरी परतणारी माणसे फळ्यापाशी थांबत, ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची.

दिवाळीच्या सुमाराला हिमालयात चीनशी लढाई सुरू झाली. पहिल्या दिवसांत काकांनी लिहिलेल्या ओळी मला आठवतात, कारण त्या साध्या होत्या. चिनी सैन्याचा हल्ला. आपल्या जवानांचा निकराचा प्रतिकार. अमुक ठाणे सोडावे लागले. लोक वाचत आणि चालू लागत. ठाणी रोजच सोडावी लागत होती. मग एका संध्याकाळी ‘सैन्य’ शब्द गेला आणि ‘चिन्यांचा हल्ला’ आला. हा बदल कोणाच्या लक्षात आला नसेल. पण सैन्य सरहद्दीवर असते, चिनी कुठेही असू शकतो. त्यानंतर ‘पिवळे’ आले. त्यानंतर ‘टोळ’.

पुढे माझी सगळी नोकरी वृत्तपत्राच्या बातम्यांच्या टेबलावर गेली. दुसऱ्यांनी लिहिलेले वाचणे, कापणे आणि त्याला मथळा देणे हे माझे काम होते. त्या कामाने मला काकांचा फळा पुन्हा वाचायला शिकवला. शत्रूचे नाव बदलले की वाक्यातले बाकीचे शब्द आपोआप बदलू लागतात. ते मुद्दाम बदलावे लागत नाहीत. सैनिक जखमी होतो, माघार घेतो, शरण येतो, कैद होतो. टोळ यांपैकी काहीच करू शकत नाही. टोळाला चिरडता येते, जाळता येते, त्याच्यावर फवारा मारता येतो. सैनिक किती होते हे विचारावे लागते, टोळांची फक्त धाड असते. सैनिकाला कोणीतरी हुकूम दिलेला असतो, त्यामुळे भांडण हुकूम देणाऱ्याशी असू शकते. टोळाला हुकूम लागत नाही, तो जन्मानेच तसा असतो, म्हणून त्याचे पिल्लूही तसेच. आपला मेला तर तो जवान, त्याला गाव असते, आई असते. त्यांचा मेला तर ढीग असतो. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. ज्या दिवशी आघाडीवरची बातमी अधिक वाईट, त्या दिवशी फळ्यावरचा प्राणी अधिक खालचा. टोळांवरून उंदीर, उंदरांवरून कीड. आपण हरत होतो, आणि माणसांकडून हरण्यापेक्षा ते सोसणे सोपे होते.

काकांना वरून कोणी सांगितले नव्हते. भाषणांत, पत्रकांत, व्यंगचित्रांत असे शब्द तेव्हा हवेतच होते. काकांनी ते उचलले, आणि उचलण्याचे कारण अगदी साधे होते. एका रात्रीच्या जेवणात ते त्यांनीच सांगितले. पानात गोळाभात होता, वरून फोडणीचे गरम तेल.

‘‘काका, आज काय लिहिलं गा?’’ दादा म्हणाला. माझा मोठा भाऊ, सायन्स कॉलेजात शिकणारा. ‘‘खाली लोक लै हसून राहिले होते.’’

‘‘टोळ लिहिलं,’’ काका म्हणाले. ‘‘सैन्य लिहिलं तं कोनी थांबत नाही. वाचते अन् मान खाली घालून चालला जाते. टोळ लिहिलं तं हातगाडीवाला गाडी उभी करून वाचते. लोकायले धीर पाहिजे का नाही?’’

‘‘टोळायले काय समजते, कोनाचं वावर अन् कोनाची सरहद्द,’’ आई वाढता वाढता म्हणाली. ‘‘हिरवं दिसलं का बसले.’’

‘‘मंग आपल्या घरात बसले तेही टोळच का वं, आई?’’ दादाने भिंतीपलीकडे बोट दाखवले.

सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगला जमला होता. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी कोणाला थांबवलेही नाही; ताकाचा पेला पुढे केला. भिंत पातळ होती. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता तो थोडा वेळ थांबला, मग पुन्हा सुरू झाला. तो शब्द हिमालयातून आमच्या स्वयंपाकघरात आला तो त्या वेळी, आणि तो हसण्यावर स्वार होऊन आला. गंभीरपणे कोणी म्हटले असते की चेन डॉक्टर आपले शत्रू आहेत, तर आईनेच त्याला वेड्यात काढले असते. विनोदाला तसे उत्तर देता येत नाही. न हसणारा माणूस रसभंग करतो, आणि त्या दिवसांत रसभंग करणाऱ्याकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागले होते.

त्यानंतर आईने डॉक्टरांशी बोलणे सोडले नाही. फक्त चेनबाई नळावरून पाणी भरून गेल्या की ती तोटी राखेने घासू लागली. कोणी तिला तसे सांगितले नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘काही नाही वं, असंच. मनाले बरं वाटत नाही.’’ तिला भीती वाटत नव्हती. तिला किळस येऊ लागली होती. भीती वाटणारा माणूस निदान समोरच्याला बळ असल्याचे मानतो. किळस आलेला माणूस फक्त हात धुतो.

डॉक्टरांच्या दुकानात गिऱ्हाईक येईनासे झाले. पोलीस ठाण्यावर त्यांना बोलावून नाव-गाव लिहून घेतले, शहर सोडायचे तर परवानगी घ्यायची असे सांगितले. तिथून परतताना ते आमच्या दुकानात आले. मी बाबांना चहा द्यायला खाली गेले होते. डॉक्टर ओट्यावर बसले नाहीत, उभेच राहिले.

‘‘सेठ, मेरे को एक ही बात पूछना है,’’ ते म्हणाले. नागपुरातली बाजाराची हिंदी ते आमच्याइतकीच सराईत बोलत. ‘‘तुमने घर से निकाला तो इस गाँव में दूसरा कोई देगा नहीं। चीन मैंने देखा नहीं। सीधा बोलो, रहना है कि जाना है?’’

‘‘राहा ना, डॉक्टर,’’ बाबा म्हणाले. ‘‘कोन काय म्हन्ते तुमाले? मी बसलो आहे ना इथं.’’

डॉक्टरांनी दोन्ही हात जोडले. बाबांनी दिलेला तो शब्द खरा होता. त्या क्षणी त्यांना तसेच वाटत होते, याबद्दल मला आजही शंका नाही.

मारबत हा आमच्या इतवारीचा सण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाईच्या आकाराचे मोठे पुतळे वाजतगाजत गावाबाहेर नेऊन जाळतात. त्यांच्या मागेपुढे बडगे असतात. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग असेल त्याच्या रूपाचा. कधी महागाई, कधी लाचखोर पुढारी. पुतळ्याबरोबर लोक ओरडत जातात: खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! इडा-पिडा घेऊन जा गे मारबत! वर्षभराची रोगराई वस्तीच्या हद्दीबाहेर टाकून यायची, असा त्याचा अर्थ. पोळा श्रावणाच्या अखेरीस येतो. काकांनी बडग्या काढायचे ठरवले ते कार्तिकात.

निमित्त चांगले होते. जवानांसाठी लोकरीचे कपडे गोळा करायचे होते. आई आणि गल्लीतल्या बायका दुपारभर स्वेटर विणत होत्या. घरोघरी लोकरीचे गुंडे लोळत होते. बडग्याची मिरवणूक काढली तर लोक घराबाहेर येतील आणि कपडे देतील, असा काकांचा हिशेब. विरोध केला तो फक्त आईने.

‘‘भाऊजी, काहून असं अवदसेचं करता?’’ ती म्हणाली. ‘‘बिनदिवसाची मारबत कोनी काढते का? ते गावातली पीडा घेऊन जाते. आता कोनती पीडा आहे गावात?’’

‘‘हेच तं, वहिनी,’’ काका म्हणाले. ‘‘आहे ना.’’

आईने त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा टाके मोजायला लागली. तिचा आक्षेप पंचांगापुरताच होता.

बडग्या आमच्या गोदामात तयार झाला. बांबूचा सांगाडा, फाटक्या बारदानाचे अंग, त्याला पिवळी माती फासलेली. पाय टोळासारखे वाकवलेले, पंखांच्या जागी दोन फुटकी सुपे. तोंड मात्र माणसाचे. पत्रा कापून दात लावले. गल्लीतले पोट्टे येत-जात त्यात भर घालत होते. गोल काचांचा चष्मा कोणी लावला ते कोणालाच नंतर सांगता आले नाही. डॉक्टरांचा चष्मा गोल काचांचा होता. चष्मा लागल्यावर बडग्या पूर्ण झाला, असे सगळ्यांचे मत पडले.

मिरवणूक दुपारी निघाली. ढोल होते, टाळ होते. पुढे हातगाडीवर कपड्यांचे गाठोडे. मी गॅलरीत आईशेजारी उभी होते. आरोळ्या नेहमीच्याच क्रमाने सुरू झाल्या. खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! खरूज-नायटा घेऊन जा गे मारबत! उंदीर-घूस घेऊन जा गे मारबत! आणि त्याच चालीत, त्याच दमात: चिनी कीड घेऊन जा गे मारबत! हे लक्षात घेण्यासारखे आहे. चिन्यांना कोणी कीड ठरवून दाखवले नाही, त्याचा पुरावा दिला नाही. फक्त खोकला, खरूज आणि घुशीच्या पुढचे नाव म्हणून ते घेतले, आणि तोंडाला चाल आधीच ठाऊक असल्यामुळे ते सहज निघाले. मीही ओरडत होते. मला अंगावर काटा आल्यासारखे, हलके, स्वच्छ वाटत होते. हा शब्द मी विचार करून वापरते आहे. त्या दुपारी आम्हाला स्वच्छ वाटत होते.

बायका दारादारांतून स्वेटर, मफलर, जुन्या शाली देत होत्या. मिरवणूक आमच्या घरापाशी आली आणि थांबली. ती का थांबली हे कोणी ठरवले नव्हते. बडग्या डॉक्टरांच्या जिन्याच्या दारासमोर उभा राहिला.

‘‘अरे, याचं बिळ तं इथंच आहे बे!’’ कोणीतरी ओरडले.

‘‘निघ रे, चष्मेवाल्या! तुले घेऊन जायले आली मारबत!’’

‘‘असं नाही निघत ते,’’ दादाचा आवाज आला. तो हसत होता. ‘‘थांबा गा, पद्धतशीर काम करू.’’ तो गोदामात गेला आणि भाता घेऊन आला.

मला वाटते, तो भाता बिनभुकटीचा आणेल अशी काहींची समजूत असावी. तो भरलेला होता. दादाने गुडघे टेकले, नळी दाराखालच्या फटीत घातली, आणि गोदामात दाबत असे तसा सावकाश, एकसारखा भाता दाबू लागला. दारात भुकटीचा पांढरा धूर उठला. लोक मागे सरून वाट पाहू लागले. गोदामात आम्ही थांबत असू तसेच. आईने मला आत ओढले नाही. ती स्वतः आत गेली, स्वयंपाकघराची खिडकी लावली आणि दिवाळीच्या उरलेल्या चकल्यांचा डबा झाकला. ‘‘पावडर आत येईल,’’ ती म्हणाली.

आतून कडी निघाली.

‘‘निघाली, निघाली!’’ सगळी गल्ली ओरडली.

दारात मेई होती. हातात घडी केलेला निळा स्वेटर. मिरवणूक कपडे गोळा करत येते आहे हे तिने खिडकीतून पाहिले असणार, ती द्यायला म्हणून खाली उतरत होती. नळीचे तोंड दार उघडल्यावर वर झाले आणि ती समोर दिसत असताना दादाने आणखी दाबले. एकदा नाही. तिचे केस, भुवया, तोंड पांढरे झाले. तिने डोळे मिटले, तोंड उघडून श्वास घेतला आणि जिन्यावरच बसली. खोकला सुरू झाला. लोक हसत होते. काही जण खोकल्याच्या तालावर टाळ वाजवत होते. एकाने काठीने तो स्वेटर उचलला आणि बडग्याच्या गळ्यात टाकला. मग मिरवणूक पुढे गेली, कारण तिला हद्दीबाहेर जायचे होते.

मी काय पाहिले ते मी सांगितले. मला काय वाटले तेही सांगायला हवे, कारण हे प्रकरण मी त्यासाठीच लिहीत आहे. मला काही वाटले नाही. मला राग नव्हता, आनंदही नव्हता. जिची प्रमेये मी वहीत उतरवून घेत असे ती मुलगी जिन्यावर खोकत होती आणि मला एक काम पार पडल्यासारखे वाटले. दया मारून टाकावी लागली नाही, ती आलीच नाही. पंधरवडाभराच्या खडूच्या ओळी, जेवतानाचे विनोद, राखेने घासलेली तोटी आणि ढोलावरची चाल यांनी तिची वाट आधीच बुजवून ठेवली होती. बऱ्याच वर्षांनी दादा एकदा म्हणाला, ‘‘सुमे, मले ते दिसली होती. पन ते मेई आहे हे मागाहून दिसलं.’’ मलाही तसेच दिसले होते, आणि मी तर भाता धरलेला नव्हता.

गल्ली रिकामी झाल्यावर, दिवे लागायच्या सुमारास डॉक्टर मेईला चौकात नळाखाली घेऊन आले. तिच्या पापण्या सुजून डोळे बंद झाले होते. ते ओंजळीने पाणी मारत होते आणि चेनबाई तिचे डोके धरून होत्या. चौकाभोवतीच्या खिडक्यांत माणसे होती. आमच्याही होती. पाणी मारून झाल्यावर डॉक्टर दुकानात गेले. बाबा गल्ल्यावर बसले होते, समोर काका.

‘‘सेठ,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘फिर से पूछता हूँ। रहना है कि जाना है?’’

बाबांनी काकांकडे पाहिले. काका काट्याकडे पाहत होते.

‘‘डॉक्टर,’’ बाबा म्हणाले, ‘‘आता मोहल्ल्याचं मनच असं झालं. मी एकटा काय करू?’’

‘‘ठीक है, सेठ.’’

डॉक्टरांना कलकत्त्याला जायची परवानगी मिळायला काही दिवस लागले. तेवढे दिवस त्यांच्या खोल्यांचे दार उघडले नाही. चुलीचा धूर तेवढा दिसे. ते गेले तेव्हा सकाळ होती. एका टांग्यात तीन माणसे, दोन ट्रंका आणि पायाने चालवायचे ते यंत्र, गोणपाटात बांधलेले. मेईच्या डोळ्यांवर ओले फडके होते. मी गॅलरीत होते. तिला मी दिसणे शक्य नव्हते, आणि मी हाक मारली नाही. बाबा दुकानातून उठून ओट्यापर्यंत आले, मुंग्यांचे पीठ टाकत असत तिथपर्यंत, आणि परत गेले.

थोड्याच दिवसांत चीनने आपण होऊन लढाई थांबवली. त्या संध्याकाळी काकांनी फळ्यावर लिहिले: चिनी सैन्याची युद्धबंदी. ‘सैन्य’ शब्द परत आला. दुसरे काही लिहिणे शक्यच नव्हते. टोळ युद्ध थांबवत नाहीत. ते थांबवायला समोर माणसेच लागतात. लोकांनी वाचले, सुटकेचा श्वास टाकला आणि पांगले. या बदलाकडेही कोणाचे लक्ष गेले नाही. आदल्या आठवड्यात आपण कोणाला काय म्हणत होतो हे फळ्यावर राहत नाही. ओला बोळा फिरवला की झाले. काकांना आपण काही केले असे कधी वाटले नाही. ते मरेपर्यंत चांगले शिक्षक म्हणून ओळखले गेले आणि तसे ते होतेही.

मी आता विमानतळापलीकडे, मिहानच्या बाजूला एका सोसायटीत राहते. सोसायटीचा एक गट आहे, फोनवरचा. सरहद्दीवर काही झाले की त्यात सकाळपासून संदेश येऊ लागतात. पाठवणारे डॉक्टर आहेत, विमान कंपनीतले अभियंते आहेत, संध्याकाळी माझी पिशवी उचलून लिफ्टपर्यंत आणून देणारे आहेत. शत्रू वेगळा आहे, प्राणी तेच आहेत. मी एकदा लिहिले की ‘सैनिक’ हा शब्द पुरेसा आहे. उत्तरादाखल हसरे चेहरे आले, आणि एकाने विचारले, आजी, तुमची तब्येत बरी आहे ना? त्यात रागाचा भाग नव्हता. माझ्या टेबलावरही अनेकदा असे मथळे आले, आणि त्यांतले सगळे मी बदलले असे मी म्हणू शकत नाही. काही रात्री पान छपाईला सोडायला उशीर झालेला असे आणि शब्द मथळ्याच्या मापात बसत असे.

डॉक्टर गेल्यावर आईने त्या खोल्या धुऊन काढल्या. जिन्याच्या दाराखाली भुकटीची पांढरी रेघ राहिली होती, ती तिने खराट्याने खरवडली. भिंतींना चुना दिला. पौषात एका बँकेतल्या कारकुनाची बायको खोल्या पाहायला आली. तरुण होती, कडेवर मूल होते. तिने खिडक्या उघडून पाहिल्या, मोरीत पाणी टाकून पाहिले.

‘‘उजेड चांगला आहे,’’ ती म्हणाली. ‘‘ढेकूण-बिकूण तं नाही ना काकू?’’

‘‘नाही वं बाई. सगळं साफ केलं मी.’’

‘‘याच्या आधी कोन राहत होतं इथं?’’

आई चुन्याचा थेंब नखाने काढत होती. तिने मान वर केली नाही.

‘‘कोनी नाही वं,’’ ती म्हणाली. ‘‘चिनी होते.’’